अनुभव धागा: रिक्रूटर आणि मॅनेजर, दोघांचेही नंबर हाताशी असताना आधी कोणाला लिहिलंत?

पांझराकाठ (धागाकर्ती)

मी धुळ्याची. खरेदी विभागात सहा वर्षं झाली. गेल्या मंगळवारी नाशिकच्या एका कंपनीत माझी शेवटची मुलाखत झाली. पहिल्या फोनपासून तिथली एचआरची मुलगीच माझ्याशी बोलत होती. वेळ तिने ठरवली, पगाराची अपेक्षा तिने विचारली, कागदपत्रंही तिनेच मागवली. मुलाखत संपली तेव्हा खरेदीप्रमुख साहेब दारापर्यंत आले, खिशातून कार्ड काढून दिलं आणि म्हणाले, "काही लागलं तर कळवा."

एचआरने सोमवारपर्यंत कळवते म्हटलं होतं. आज बुधवार उजाडला. मधल्या काळात जळगावच्या एका कंपनीचं ऑफर लेटर आलंय आणि त्यांना शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत हो की नाही ते हवंय. मला मनापासून नाशिक हवं आहे. साहेबांना लिहिलं तर एचआरला वाटेल, हिने मला ओलांडलं. एचआरला लिहिलं तर साहेबांना वाटेल, कार्ड देऊनही हिला किंमत नाही. काल रात्री दोन्ही मेल लिहून ठेवले आणि एकही पाठवला नाही.

तुमच्यावर असा प्रसंग आला असेल तर लिहा. कोणाला लिहिलं, काय शब्दांत, आणि पुढे काय झालं, एवढं आलं तरी माझ्यासारख्यांना उपयोग होईल.

तोरणमाळ

ताई, साहेबले लिखी टाका, डायरेक! एचआर म्हणजे फक्त निरोप्या. मी सुरतला कापडाच्या कंपनीत लागलो तेव्हा मॅनेजरला सरळ व्हॉट्सॲप केलं, "सर, मी तयार आहे." चौथ्या दिवशी रुजू झालो. एचआरला मी तिथे गेल्यावरच कळलं.

सातपुडा_शिरपूर

तोरणमाळभाऊंचं झालं ते चांगलंच, पण माझा अनुभव वेगळा आहे. मी औषध कंपनीत क्यूसीला आहे. अंकलेश्वरला मुलाखतीत क्यूसीप्रमुखांनी विचारलं, "एचपीएलसीवर स्टँडर्डच्या पीकचं टेलिंग अचानक वाढलं, तर आधी काय बघाल?" मी घाईत म्हणालो, कॉलम बदलेन. ते काही बोलले नाहीत, वहीत काहीतरी टिपलं.

परतीच्या गाडीत उच्छलच्या पुढे आल्यावर डोक्यात लख्ख झालं. कॉलम ही शेवटची गोष्ट. आधी मोबाइल फेज कधी बनवला, त्याचा पीएच बरोबर घेतला का आणि कालच्या रनमध्ये टेलिंग किती होतं, हे बघायचं. नंदुरबार स्टेशनवर बसून त्यांना चार ओळी लिहिल्या: "सर, आज टेलिंगच्या प्रश्नावर मी थेट कॉलमवर गेलो. आधी मोबाइल फेजचा पीएच आणि आदल्या रनची नोंद तपासायला हवी होती. तुमच्या प्रश्नामुळे ते लक्षात आलं. वेळ दिल्याबद्दल आभार." निकालाचा त्यात एक शब्द नव्हता.

त्याच रात्री एचआरला वेगळा मेल केला. त्यांनी मागितलेल्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या आणि माझा नोटीस पीरियड, एवढंच. साहेबांचं "नोटेड" असं एका शब्दाचं उत्तर आलं. चार दिवसांनी फोन आला तो एचआरचाच. रुजू झाल्यावर साहेब म्हणाले, तो मेल त्यांनी एचआरला दाखवला होता. तेव्हापासून मला पटलंय की आपण साहेबांना लिहिलेलं एचआरपर्यंत जातंच, मग ते तिने वाचावं असंच लिहायचं.

गिरणाकाठ

मी मूळची चाळीसगावची. पुण्यात रिक्रूटर म्हणून अकरा वर्षं झाली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तोरणमाळदादा, तुमची कंपनी लहान असणार. चाळीस-पन्नास माणसांच्या ठिकाणी ज्याने मुलाखत घेतली तोच पगार ठरवतो, तिथे तुमचं म्हणणं बरोबर आहे. मोठ्या ठिकाणी मॅनेजर "हा हवा" म्हणतो, पण त्यानंतर जागेच्या खर्चाची मंजुरी, पगार कोणत्या पट्ट्यात बसवायचा आणि पत्र कधी निघणार, ही सगळी फाइल रिक्रूटर फिरवतो. तुमचा मेल मॅनेजरकडे गेला तर तो बहुतेक वेळा "जरा बघा" एवढं लिहून माझ्याकडेच ढकलतो.

मग आम्हाला राग कशाचा येतो? मॅनेजरला लिहिल्याचा नाही. आभाराचे मेल लोक लिहितात, लिहावेत. दुसरी ऑफर आल्याची बातमी मला मॅनेजरकडून कळली, तर वाईट वाटतं. ती जागा भरण्याचा जाब मला विचारतात आणि मलाच माहीत नसतं. त्याहून वाईट म्हणजे दोघांना पगाराचे वेगवेगळे आकडे सांगणं. मला बारा सांगितले आणि साहेबांना चौदा, तर आम्ही दोघं एका टेबलावर बसलो की ते पाच मिनिटांत उघडं पडतं, आणि मग उमेदवाराच्या कुठल्याच शब्दावर विश्वास राहत नाही.

पांझराकाठताई, तुमची गोष्ट तारखेची आहे, म्हणून ती आधी रिक्रूटरकडे. आजच लिहा, आणि जुन्या मेलच्याच साखळीत, विषय न बदलता, म्हणजे तिला मागचं शोधावं लागणार नाही. मी असं लिहिलं असतं:

"नमस्कार, मंगळवारच्या मुलाखतीनंतर ही जागा मला अधिकच आवडली आहे. मला दुसऱ्या कंपनीची लेखी ऑफर आली असून त्यांना शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत उत्तर द्यायचं आहे. माझी पहिली पसंती तुमच्याकडेच आहे. तुमचा निर्णय किंवा त्याची अंदाजे वेळ उद्या दुपारपर्यंत कळू शकेल का?"

साहेबांना सीसीत घेऊ नका. पहिल्याच मेलला सीसी म्हणजे वर तक्रार केल्यासारखं दिसतं. उद्या दुपारपर्यंत उत्तर नाही आलं तर तिला एकदा फोन करा. तोही नाही लागला तरच साहेबांना लिहा, आणि "एचआरना काल कळवलं आहे" ही ओळ त्यात हवीच. त्या ओळीमुळे तुम्ही ओलांडलं नाही हे दोघांनाही कळतं. आणि ऑफर नसताना ती आहे असं कोणी लिहू नका. आम्ही प्रत मागतो.

वाघूर

माझा मुलगा भुसावळला रेल्वेच्या जाहिरातीसाठी अर्ज भरतोय. त्याच्याकडे एका अधिकाऱ्यांचा नंबर आहे आणि ऑफिसमधल्या एका ओळखीच्या क्लार्कचाही. त्याने कोणाला लिहावं?

गिरणाकाठ

काका, तिथे दोघांनाही नको. सरकारी भरतीत जाहिरातीत दिलेला अर्ज, परीक्षा आणि यादी एवढंच चालतं. अर्जात अडचण आली तर जाहिरातीतल्या मदत क्रमांकावर विचारा. इथे चाललंय ते खासगी नोकरीचं.

बोरीकाठ_अमळनेर

सीसीचं मला पूर्ण पटलं नाही. मुलाखतीनंतर आमच्या मॅनेजरनेच मला आणि एचआरला एका मेलमध्ये घेऊन एक सराव काम दिलं होतं. मी एकट्या मॅनेजरला उत्तर दिलं, म्हटलं काम त्यांचं आहे. एचआरला वाटलं मी काम केलंच नाही, तिने यादीत माझ्यापुढे "प्रतिसाद नाही" लिहिलं. चूक लक्षात यायला आठवडा गेला. मेल ज्याने दोघांना मिळून पाठवला, त्याला उत्तरही दोघांना मिळूनच जायला हवं.

पण मला खरा फटका त्याच्या आधी बसला होता, आणि तो इथे कोणी लिहिलेला नाही. तेव्हा माझा "रिक्रूटर" कंपनीचा नव्हताच, कन्सल्टन्सीचा होता. मला तो फरक कळत नव्हता. त्याने माझा बायोडाटा पाठवला, दहा दिवस शांतता. मी लिंक्डइनवर मॅनेजर शोधून त्यांना थेट लिहिलं, वर कंपनीच्या साइटवरही अर्ज टाकला. झालं असं की कंपनीच्या नोंदीत मी दोन वाटांनी आलो. कन्सल्टन्सी म्हणाली, उमेदवार आमचा, फी आमची. कंपनी म्हणाली, हा तर आमच्या साइटवरून आला. त्या ओढाताणीत माझं नाव बाजूला ठेवलं गेलं आणि जागा दुसऱ्याने भरली. मॅनेजरने नंतर फोनवर हळहळ व्यक्त केली, पण जागा गेली ती गेलीच. तेव्हापासून पहिल्याच फोनला विचारतो, "आपण कंपनीत आहात की कन्सल्टन्सीत?" कन्सल्टन्सी असेल तर तिच्याकरवी गेलेल्या जागेसाठी मी मॅनेजरला स्वतःहून लिहीत नाही. मुलाखतीत त्यांनीच नंबर दिला, तर आभारापुरतं लिहितो आणि कन्सल्टन्सीवाल्याला सांगून लिहितो.

गिरणाकाठ

बरोबर. मी तो फरक लिहायला हवा होता. आणि सगळेच मॅनेजरच्या मेलमध्ये असतील तर सगळ्यांना उत्तर, हेही खरं. माझं म्हणणं तुम्ही स्वतः सुरू केलेल्या मेलबद्दल होतं.

मेहरूण

मी दुसऱ्या बाजूचा माणूस. जळगाव एमआयडीसीत पाइपच्या कारखान्यात उत्पादनप्रमुख आहे, शिफ्ट इंजिनिअर मीच निवडतो. मुलं मला मेसेज करतात आणि मी उत्तर देत नाही, त्याचं कारण सांगतो.

तीन वर्षांपूर्वी एक मुलगा मला फार आवडला. एक्स्ट्रूडरची त्याची समज उत्तम होती. त्याने विचारलं, मी फोनवर म्हणालो, "तुझं झालं समज." त्याने दुसऱ्याच दिवशी जुन्या ठिकाणी राजीनामा दिला. आठवड्याने वरून त्या जागेची मंजुरी थांबली. तो मुलगा दोन महिने घरी बसला. त्याच्या वडिलांचा फोन आला होता. ते रागावले नाहीत, फक्त विचारत होते, "साहेब, तुम्हीच बोलला होतात ना?" ते अजून मनात आहे. तेव्हापासून होकार-नकार मी तोंडातून काढत नाही, ते एचआरचं पत्र बोलेल. म्हणून माझं गप्प राहणं म्हणजे नाराजी समजू नका. कामाचा प्रश्न विचारलात तर मी रात्री दहालाही उत्तर देतो.

तोरणमाळ

साहेब, हे वाचून वाटतंय की मला चार दिवसांत मिळालं यात नशिबाचा भाग मोठा होता. तरी एक विचारतो. एचआर पंधरा-पंधरा दिवस फोनच उचलत नाही, तेव्हा माणसाने किती वाट बघायची?

गिरणाकाठ

ऑफरची तारीख डोक्यावर नसेल तर दिलेल्या तारखेनंतर दोन-तीन कामाचे दिवस, मग एक मेल, आठवड्याने दुसरा. त्यानंतर मॅनेजरला लिहिलं तर मला तरी राग येणार नाही. सगळ्या रिक्रूटरच्या वतीने मात्र मी बोलू शकत नाही.

पांझराकाठ (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. आज शुक्रवार, झालं ते सांगते.

बुधवारी गिरणाकाठताईंच्या शब्दांतच एचआरला लिहिलं. मिनिटभरात आपोआप येणारं उत्तर आलं, ती रजेवर आहे आणि तातडीचं असेल तर अमुक सहकाऱ्याला लिहा. तोच मेल सहकाऱ्याला पुढे पाठवला. गुरुवारी दुपारी फोन केला, उचलला नाही. मग चारच्या सुमारास साहेबांना तीन ओळी लिहिल्या: एचआरच्या रजेमुळे त्यांच्या सहकाऱ्यांना काल कळवलं आहे, शुक्रवारी पाचला मला दुसरीकडे उत्तर द्यायचं आहे, आणि माझी पसंती तुमच्या विभागालाच आहे. पगाराचं काही नाही. त्यांचं उत्तर आलं, "सांगतो त्यांना."

आज दुपारी दोनला सहकाऱ्याचा फोन आला. निवड झाली आहे, पत्र सोमवारी निघेल. मेहरूणकाकांचं वाचलेलं होतं म्हणून विचारलं, मंजुरी झाली आहे का? "शेवटची सही बाकी आहे" म्हणाले. मी जळगावला फोन करून सोमवार संध्याकाळपर्यंतची मुदत मागितली. त्यांनी सोमवार दुपारी बारापर्यंत दिली.

साहेबांना आज आभाराचं लिहू, की सही होऊन पत्र हातात आल्यावर?

मेहरूण

पत्र येऊ द्या, ताई. सोमवारी दहा वाजता सहकाऱ्याला एक फोन करा, बारा वाजेपर्यंत तुमच्या हातात दोन तास राहतील.