मदत हवी आहे: भावाचा न्यूमोनिया, अमॉक्सिसिलिनने फरक नाही, आता डॉक्सी?

वैदेही_क
भाऊ २१ वर्षांचा, पुण्यात हॉस्टेलवर. १०१ ताप, डोकेदुखी, रात्रभर कोरडा खोकला. एक्स-रेत उजवीकडे खाली डाग. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेट ६२५ चा पाच दिवसांचा कोर्स झाला, ताप तसाच. मग अ‍ॅझिथ्रोमायसिन ५०० सुरू केलं, आज तिसरा दिवस संपला तरी संध्याकाळी १०१ आहेच. पांढऱ्या पेशी ७८००, ऑक्सिजन ९७. डॉक्टर म्हणतात मायकोप्लाझ्मा असावा, डॉक्सिसायक्लिन देऊ. सारखी औषधं बदलणं बरोबर आहे का? आईला खूप काळजी वाटतेय.

सह्यकडा
हल्ली सगळेच अँटिबायोटिक खातात, त्यामुळे जंतू अमॉक्सिसिलिनसारख्या पेनिसिलिनला सरावलेत. म्हणून लागू पडलं नाही.

डॉ_छातीवाला
सह्यकडा, सरावण्याचं म्हणणं अ‍ॅझिथ्रोबाबत खरं असू शकतं, पेनिसिलिनबाबत नाही. पेनिसिलिन जंतूची भिंत बांधू देत नाही, आणि मायकोप्लाझ्माला भिंतच नसते. डोस दुप्पट केला किंवा इंजेक्शन दिलं तरी उपयोग शून्य. म्हणून सेफालोस्पोरिनही चालत नाहीत.

अ‍ॅझिथ्रो आणि डॉक्सी दोन्ही जंतूचं प्रथिन बनवणं थांबवतात, पण वेगवेगळ्या जागी चिकटून. अ‍ॅझिथ्रोची जागा जंतूने बदलली तरी डॉक्सी काम करतं. चीन-जपानमध्ये असे जंतू खूप सापडले आहेत. अ‍ॅझिथ्रोवर ४८ ते ७२ तासांत ताप हटला नाही की ही शंका घ्यायचीच, त्यामुळे डॉक्टरांचा निर्णय मला पटतो. वैदेही, रूममेटला आधी असा खोकला होता का?

वैदेही_क
हो! दोन-तीन आठवड्यांपूर्वी. त्याचा आपोआप गेला.

डॉ_छातीवाला
मग चित्र जुळतं, लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण तेवढाच काळ लागतो. डॉक्सी सहसा १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा देतात. भरपूर पाण्यासोबत बसून घ्यायची, लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका भाजल्यासारखी दुखते. अ‍ॅसिडिटीचं औषध, लोहाची गोळी तिच्याबरोबर नको.

मुक्ताई७९
माझ्या ६ वर्षांच्या मुलीला हेच झालं होतं. डॉक्सीने दात पिवळे होतात म्हणून मी नकार दिला. तुम्हीही देऊ नका.

डॉ_छातीवाला
ताई, दातांची भीती वाढत्या दातांच्या वयातली. २१ व्या वर्षी तो प्रश्न नाही. लहान मुलांत थोडे दिवस दिलं तर डाग पडतातच असंही आता मानत नाहीत, पण ते तुमच्या बालरोगतज्ज्ञांशी बोला.

सह्यकडा
मग थेट लेव्होफ्लॉक्सासिन का नाही? जास्त जोरदार असतं.

डॉ_छातीवाला
ते चालतंही, पण टीबीच्या जंतूवरही थोडं काम करतं. आत टीबी असला तर काही दिवस बरं वाटतं आणि निदान लांबतं. वैदेही, थुंकीची सीबीनॅट, म्हणजे टीबीची तपासणी, केली का?

वैदेही_क
नाही. खोकला कोरडा आहे, बेडका येतच नाही.

डॉ_छातीवाला
मिठाच्या पाण्याची वाफ देऊन काढता येतो, डॉक्टरांना विचारा. डॉक्सीवर दोन-तीन दिवसांत ताप उतरायला हवा. खोकला मात्र काही आठवडे रेंगाळतो, त्यावरून औषध फसलं असं धरू नका. ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला किंवा बोलताना दम लागला तर थांबू नका, भरती करा.

वैदेही_क
पहिली गोळी आत्ता दिली. सीबीनॅटचं उद्या सकाळी विचारते.