पत्रात तिसरा पर्याय नाव घेऊन लिहा

> नगरपालिकेत एकच वाद चाललाय: फेरीवाले हवेत की मोकळा रस्ता? संपादकांना पत्र लिहायचंय, मुद्दा कसा मांडू?

"दोन्ही हवं" एवढंच लिहू नका, ते गुळमुळीत वाटतं. हे दोनच पर्याय नाहीत हे कायद्यानेच दाखवता येतं. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात विक्रीला मोकळी, निर्बंधांसह विक्रीची आणि पूर्ण बंदीची अशी तीन प्रकारची क्षेत्रं ठरवायची सोय आहे. आधी सर्वेक्षण करायचं, मग प्रमाणपत्रं द्यायची. ते होईपर्यंत कुणाला हटवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य निवडून आलेले विक्रेते असावे लागतात.

मग एकच रस्ता घ्या आणि तिथे स्वतः उभे राहून पाहा. आमच्या बाजारपेठेत भाजीच्या पाट्या सकाळी सातला लागतात नि दहाला निम्म्या उठतात. खरी कोंडी संध्याकाळी सहाला होते, तीही दुतर्फा लावलेल्या दुचाक्यांमुळे. असं एक निरीक्षण पत्रात आलं की "की"च्या दोन्ही बाजू लंगड्या पडतात.

विरोधी बाजूचं खरं तेही मान्य करा. रुग्णवाहिका अडते, ही भीती खोटी नाही. अशा जागी बंदी हवीच, असं स्पष्ट लिहा, म्हणजे तुम्हाला कुणी फेरीवाल्यांचे वकील ठरवणार नाही.

शेवटी नगरपालिकेला थेट विचारा: सर्वेक्षण कधी झालं, समितीची शेवटची बैठक कधी झाली?