मदत हवी आहे: भाचीच्या वादविवादाच्या भाषणातील कच्चा दुवा

नमस्कार मंडळी. माझी नववीतील भाची इंदूरमध्ये शाळेच्या वादविवाद स्पर्धेत ‘दंडाशिवाय शहराची स्वच्छता टिकत नाही’ या विषयाच्या बाजूने बोलणार आहे. भाषणाची सुरुवात नेटकी आहे. घोळ मधल्या मुद्द्यात आहे. ती म्हणते, ‘दंड सुरू झाला, म्हणूनच २०१७ पासून इंदूर स्वच्छ सर्वेक्षणात पहिले येत गेले.’ यावर प्रतिपक्ष लगेच विचारील, की घरोघरी कचरागाडी येऊ लागली आणि ओला-सुका कचरा वेगळा होऊ लागला, त्याचे श्रेय कुठे गेले?

खरे तर दंड एकटा पुरेसा आहे, हे सिद्ध करण्याची तिच्यावर जबाबदारीच नाही. तो आवश्यक आहे, एवढे दाखवले तरी पुरे. म्हणून ‘गाडीने सोय दिली, पण सोय असूनही रस्त्यावर कचरा टाकणाऱ्याला आवरले दंडाने’ असे तिने स्वतःच आधी मांडावे, असे मला वाटते. (पाठांतर झाल्यामुळे बाईसाहेब बदलाला तयार नाहीत.)

ही कबुली मुद्द्याच्या आरंभी द्यावी की खंडनासाठी राखून ठेवावी? आणि ‘लोक केवळ भीतीनेच सुधारतात’ हे वाक्य, जे एका उलट उदाहरणानेही कोसळेल, ते गाळावे की सौम्य करावे? जाणकारांनी कृपया सांगावे.