प्रति: काळ्या दृश्यात इंद्रधनुष्य चमकतं

> "नवा डीएलपी प्रोजेक्टर घेतलाय. सबटायटल वाचताना मला लाल-हिरवे-निळे पट्टे चमकल्यासारखे दिसतात, बायकोला काहीच दिसत नाही. पीस खराब आहे का?"

पीस ठीक आहे. एका चिपच्या डीएलपीत तिन्ही रंग एकत्र पडत नाहीत. फिरत्या रंगचक्रातून ते एकामागोमाग येतात आणि मेंदू ते जोडतो. डोळा स्थिर असेल तर जोड बेमालूम बसतो. पण चेहऱ्यावरून सबटायटलकडे नजर झेपावते तेव्हा तिचा वेग सेकंदाला ३०० अंशांपर्यंत जाऊ शकतो. चक्र सेकंदाला १२० फेऱ्या घेत असेल, तर एका फेरीत नजर अडीच अंश सरकते, म्हणजे हात लांब करून धरलेल्या अंगठ्याहून जास्त. तेवढ्यात तिन्ही रंग डोळ्याच्या आतल्या पडद्यावर निरनिराळ्या जागी उमटतात. काळ्यावर पांढरी अक्षरं असली की ते लपत नाहीत. हे कोणाला जाणवतं, कोणाला नाही, इतकंच.

खात्री करायची तर पांढऱ्या सबटायटलवर नजर रोखून धरा, मग झटकन कोपऱ्याकडे न्या. पट्टे फक्त नजर हलतानाच दिसले तर कारण हेच.

आधी फुकटचे उपाय करा: दिवा इको मोडवर, सबटायटल करडे, पडद्यामागे मंद उजेड. खुर्ची मागे सरकवली की नजरेची झेप लहान होते; माझ्या मते हाच सर्वांत गुणकारी. तरीही त्रास असेल तर दुप्पट वेगाच्या चक्राचा किंवा थ्री-एलसीडी प्रोजेक्टर घ्या. थ्री-एलसीडीत तिन्ही रंग एकदमच पडतात.