‘पंप अँड डंप’ला मराठीत काय म्हणावं?

मोर्शीकर: टेलिग्रामच्या शेअर-टिप ग्रुपांवर गावच्या पोरांसाठी एक पत्रक लिहितो आहे. ‘पंप अँड डंप’ला ‘कृत्रिम तेजी’ चालेल का?

कपाशीवाला: पंप म्हणजे सायकलचा पंप न भाऊ! ‘हवा भरणे’ म्हणा.

जुना दलाल: ‘कृत्रिम तेजी’त अर्धीच गोष्ट येते, डंप राहून जातो. मी ‘फुगवून खपवणे’ म्हणेन. टोळी आधी 20 रुपयांनी शेअर गोळा करते, मग आपसातच घेऊन-विकून रोज 5 टक्क्यांचं अप्पर सर्किट लावते, म्हणजे त्या दिवशी भाव जास्तीत जास्त जितका चढू शकतो तितका चढवते. पंधरा दिवसांत भाव 41 च्या वर जातो. या काळात घेणाऱ्यांची रांग असते आणि विकणारा कोणी नसतो, म्हणून ग्रुपवर ‘ऑर्डर लावून ठेवा’ असं सांगतात. रोज हात हलवत परतणारी तुमची ऑर्डर एक दिवस झटक्यात पूर्ण भरते. टोळीने माल सोडला तो हाच दिवस. रोज आठ-दहा हजार शेअरांचा व्यवहार, त्या दिवशी एकदम पाच-सहा लाख शेअरांचा, आणि भाव मात्र जागच्या जागी. पत्रकात ही खूण ठळक टाका.

आर्वीचा मास्तर: सेबीची नोंदणी असलेल्याचीच टिप घ्यावी. विषय संपला.

जुना दलाल: अर्धं बरोबर. रिसर्च ॲनालिस्टचा नंबर INH ने सुरू होतो, तो सेबीच्या संकेतस्थळावर नावासकट जुळवून पाहा. दुसऱ्याचा नंबर चिकटवणारेही असतात. आणि नोंदणी खरी असली तरी टिप खरी ठरेल असं नाही.

कपाशीवाला: माह्याजवळ 500 शेअर हायेत. सहा दिवसांपासून लोअर सर्किट. विकल्याच जाऊन नाही राहिले. ॲप बिघडलं काय?

जुना दलाल: ॲप ठीक आहे, घेणाराच नाही. हर्रासात बोलीच लागली नाही तर ढेरी पडून राहते, तसं. रात्रीच आफ्टर मार्केट ऑर्डर टाका, भाव दुसऱ्या दिवशीच्या लोअर सर्किटचा. एकाच भावात आधी आलेल्याचा नंबर आधी लागतो. पण हेच हजारो जण करत असतील, खात्री नाही.

आर्वीचा मास्तर: म्हणजे भाव पडल्यावरच कळायचं?

जुना दलाल: नाही. कंपनीचं तिमाही शेअरहोल्डिंग, म्हणजे कोणाकडे किती शेअर आहेत ते, एक्स्चेंजच्या साइटवर फुकट दिसतं. साधना ब्रॉडकास्टच्या प्रकरणात, ज्यावर सेबीने मार्च 2023 मध्ये आदेश काढला, यूट्यूबवर अदानी समूह कंपनी घेणार अशी खोटी बातमी फिरवली होती. तेव्हा छोटे भागधारक दोनेक हजारांवरून 55 हजारांवर गेले आणि काही प्रवर्तकांनीही आपला वाटा विकला. तिमाही आकडे उशिरा येतात हे खरं. पण असली बातमी तपासायला तितकं थांबावं लागत नाही, एक्स्चेंजवर कंपनीची घोषणा आहे का ते त्याच दिवशी पाहता येतं.

मोर्शीकर: ‘फुगवून खपवणे’ घेतो. पण ‘खपवणे’ आमच्याकडे चांगल्या मालालाही म्हणतात.

कपाशीवाला: मंग ‘गळ्यात मारणे’ लिहा.