अनुभव धागा: रेझ्युमेवर काय लिहिलं आणि प्रत्यक्षात किती येत होतं?

रानजाई

मागच्या आठवड्यात भाचीचा रेझ्युमे वाचत होते. 'स्किल्स' या मथळ्याखाली एकाच ओळीत एक्सेल, टीम वर्क, जर्मन, पायथन, हार्ड वर्किंग, पॉवरपॉइंट. यातलं तिला नेमकं किती येतं, हे मला सख्ख्या मावशीलाही कळेना. वाचता वाचता माझीच जुनी चूक आठवली, म्हणून हा धागा काढते आहे. तुमच्या बाबतीत असं काही घडलं असेल तर लिहा. त्यानंतर रेझ्युमेतली ती ओळ तुम्ही कशी बदललीत, तेही लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. २०१५ साली पुण्यात जर्मनची बी१ परीक्षा पास झाले. वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे चार भाग असतात आणि प्रत्येकात ६० टक्के लागतात. मला वाचनात ८८ आणि संभाषणात ६४ होते. रेझ्युमेवर मात्र मी लिहिलं, 'जर्मन: फ्लुएंट'. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यावरच नोकरी लागली.

तिसऱ्याच आठवड्यात जर्मनीहून ग्राहकाचा फोन आला. एका लॉटच्या तक्रारीवर दुसऱ्या दिवशी बोलायचं होतं. वेळ सांगितली 'हाल्ब त्सेन'. हाल्ब म्हणजे अर्धा, त्सेन म्हणजे दहा. माझ्या मराठी कानाला ते साडेदहा वाटलं. जर्मनमध्ये त्याचा अर्थ दहाकडे जाताना अर्धा तास, म्हणजे साडेनऊ. उन्हाळ्यात आपली वेळ त्यांच्यापेक्षा साडेतीन तास पुढे असते. मी साहेबांना दुपारचे दोन सांगितले. समोरची माणसं एक वाजल्यापासून लाइनवर बसली होती.

ही गोष्ट मला वर्गात शिकवलेली होती. कागदावर प्रश्न आला असता तर बरोबर लिहिलं असतं. फोनवर, भरभर बोलण्यात ती हाताशी आली नाही. साहेबांनी माझ्याकडून 'फ्लुएंट' माणसाची अपेक्षा ठेवली होती आणि ती मीच लिहून दिली होती. तेव्हापासून माझी ओळ अशी आहे: 'जर्मन: बी१ प्रमाणपत्र (२०१५). ईमेल आणि तांत्रिक कागद शब्दकोश घेऊन वाचते. समोरासमोर साधं संभाषण जमतं, फोनवर वाटाघाटी जमत नाहीत.' लांबलचक आहे, पण ही ओळ वाचून मला दोन ठिकाणी मुद्दाम बोलावलं, कारण त्यांना वाचणारंच माणूस हवं होतं.

माळरान

रानजाई, माझं जपानीचं असंच झालं, पण माझं प्रमाणपत्र खोटं बोलत नव्हतं. मीच ते नीट वाचलं नव्हतं. जेएलपीटीमध्ये एन५ सगळ्यात सोपी आणि एन१ सगळ्यात अवघड. मी एन२ पास झालो, १८० पैकी १०४. या परीक्षेत शब्द-व्याकरण, वाचन आणि ऐकणं असतं. बोलण्याची परीक्षाच नसते आणि लिहायचंही काही नसतं, फक्त पर्याय निवडायचे.

मी लिहिलं, 'जपानी: एन२, बिझनेस लेव्हल'. मुलाखतीला जपानी मॅनेजर समोर. त्यांनी शांतपणे विचारलं की आधीच्या प्रोजेक्टमध्ये तुम्ही नेमकं काय केलंत. प्रश्न शब्दन् शब्द कळला. उत्तरासाठी तोंड उघडलं आणि क्रियापदाचं कोणतं रूप वापरायचं यातच अडकलो. वरिष्ठांशी बोलताना स्वतःबद्दल नम्र रूप आणि त्यांच्याबद्दल आदराचं रूप वापरतात. वाचताना मी ती रूपं ओळखायचो, तोंडात मात्र कधीच बसली नव्हती. शेवटी इंग्रजीवर आलो.

आता 'बिझनेस लेव्हल' काढून टाकलंय. 'एन२ (डिसेंबर २०१८). स्पेसिफिकेशन वाचून इंग्रजीत सारांश करतो. बोलणं प्राथमिक, सध्या आठवड्याला दोन तास सराव' असं लिहितो.

चिरेबंदी

सगळं पटतंय, पण आजकाल रेझ्युमे माणूस वाचतच नाही, सॉफ्टवेअर वाचतं. जाहिरातीतले शब्द नसतील तर आपोआप बाद. म्हणून मी जाहिरातीतला प्रत्येक शब्द टाकतो, येवो न येवो. शिवाय प्रत्येक टूलपुढे टक्के देतो. एक्सेल ९० टक्के, एसक्यूएल ७० टक्के. वाचणाऱ्याला एका नजरेत कळतं.

आडवळण

चिरेबंदी, तुमचं अर्धं बरोबर आहे. मी सोळा वर्षं एमआयएस आणि बिलिंगसाठी माणसं निवडतो आहे. पोर्टलवर आम्ही शब्द टाकूनच शोधतो. 'पिव्हट' शोधलं आणि तुमच्या रेझ्युमेत 'पिव्हट' नसेल तर तुम्ही दिसणार नाही. त्यामुळे येणारी गोष्ट जाहिरातीच्याच शब्दांत लिहा. पण शोधून समोर आलेले रेझ्युमे नंतर मी स्वतः वाचतो, आणि न येणारा शब्द तिथून पुढे तुम्हाला फक्त माझ्या टेबलापर्यंत आणतो.

टक्क्यांचं विचारायचं तर, ९० टक्के कशाचे? एक्सेलमध्ये काय काय आहे हे ज्याला कमी ठाऊक, तोच जास्त टक्के देतो, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता तो आकडा वाचतच नाही.

'ॲडव्हान्स्ड एक्सेल' लिहिणाऱ्या प्रत्येकाला मी एक फाइल देतो. एका शीटवर ४०० बिलं, दुसऱ्यावर मालाचे दर. दरांची यादी मुद्दाम क्रमाने लावलेली नाही. सांगतो, प्रत्येक बिलापुढे दर आणा. बरेच जण हे लिहितात:

```
=VLOOKUP(A2, Rates!A:C, 3)
```

एंटर मारला की आकडे येतात, चेहरा खुलतो. पण शेवटी `FALSE` नाही, त्यामुळे एक्सेल तंतोतंत जुळणारा कोड न शोधता जवळपासचा धरतं, आणि यादी क्रमाने नसल्यामुळे चुकीचा दर उचलतं. चूक झाल्याची कसलीही खूण दिसत नाही. हीच बिलं ग्राहकाला गेली तर काय होईल ते सांगायला नको.

```
=VLOOKUP(A2, Rates!A:C, 3, FALSE)
```

हे लिहिणाऱ्यांना पुढचा धक्का बसतो. काही ओळींत `#N/A` येतं, कारण दरांच्या यादीतले त्यांचे कोड मी आकड्याऐवजी मजकूर म्हणून साठवलेत. मला इथेच माणूस कळतो. एक मुलगी आली होती, रेझ्युमेवर लिहिलेलं, 'एक्सेल: लुकअप, पिव्हट रोज वापरते. मॅक्रो रेकॉर्ड करता येतो, लिहिता येत नाही.' तिने `#N/A` बघितलं, कोडच्या रकान्यावर नजर टाकली आणि म्हणाली, "सर, हे काही आकडे डावीकडे चिकटलेत, हे टेक्स्ट आहेत." दोन मिनिटांत दुरुस्त केलं. तिने येत नाही म्हणून लिहिलेला मॅक्रो आम्ही नंतर शिकवला.

म्हणून माझा आग्रह असतो की टूलच्या नावापुढे त्यात तुम्ही काय करता हे एक क्रियापद वापरून लिहा, आणि शेवटचं कधी केलंत तेही.

निशिगंधा

आडवळणदादा, "शेवटचं कधी" यावरूनच विचारते. थोडं विषयांतर वाटेल. मी २०१६ ला मुलीच्या वेळी नोकरी सोडली. तोपर्यंत सात वर्षं टॅली ईआरपी ९ वर व्हॅटची सगळी कामं केली. आता परत सुरुवात करायची आहे. 'टॅली: ७ वर्षं' लिहिलं तर ते खरं आहे ना? माझ्या वहिनी म्हणतात, अनुभव तो अनुभव.

आडवळण

निशिगंधाताई, खरं आहे, पण वाचणारा त्यावरून चुकीचा अर्थ काढेल. जीएसटी जुलै २०१७ पासून आला आणि टॅली प्राइम २०२० मध्ये. तुमचा अनुभव दोन्हींच्या आधीचा. 'टॅली: ७ वर्षं' वाचून मी तुम्हाला पहिल्याच दिवशी जीएसटीआर-१ चा डेटा काढायला सांगेन. त्यापेक्षा लिहा, 'टॅली ईआरपी ९: व्हाउचर नोंदी, बँक रिकन्सिलिएशन, व्हॅट विवरणपत्रं (२००९-२०१६). टॅली प्राइम आणि जीएसटी: सध्या शिकते आहे.' बँक रिकन्सिलिएशन तेव्हा होतं तसंच आजही आहे, ती तुमची खरी जमा बाजू. ते आधी लिहा.

निशिगंधा

'सध्या शिकते आहे' लिहिलं की लगेच बाजूला ठेवतील अशी भीती वाटते. पण बँक रिकन्सिलिएशनचं मला सुचलंच नव्हतं, धन्यवाद.

कोवळंऊन

मी नांदेडचा, यंदाच इंजिनिअरिंग झालं. आमच्या कॉलेजात सगळ्यांना एकच नमुना दिलेला. त्यात लीडरशिप, टीम प्लेअर, कम्युनिकेशन आधीच छापलेलं, आपण फक्त नाव बदलायचं. मुलाखतीत मॅडमनी विचारलं, "लीडरशिप कुठे केलीस?" मी गप्प. मग त्या म्हणाल्या, "बरं, कुठे चार लोकांकडून काम करून घेतलंयस?" तेव्हा हॉस्टेलची मेस आठवली. आम्ही तिघांनी वर्षभर ११० मुलांची मेस चालवली होती. रोज उरणारं अन्न मोजायचो. शनिवार-रविवारी घरी जाणाऱ्यांची नावं गुरुवारी रात्रीपर्यंत घ्यायची पद्धत मी सुरू केली, त्यामुळे पोळ्या वाया जाणं निम्म्यावर आलं. मॅडम म्हणाल्या, हे कागदावर का नाही?

आता स्किल्समध्ये फक्त सी++, मॅटलॅब आणि ऑटोकॅड ठेवलंय. मेसचं कामाच्या भागात दोन ओळींत लिहिलंय आणि लीडरशिप हा शब्द काढलाय. एक शंका: मॅटलॅब फक्त कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये वापरलं. ते ठेवू का?

माळरान

ठेव, पण 'अभ्यासक्रमात' असं पुढे लिही.

रेवाकाठ

सगळे परदेशी भाषांबद्दल बोलताय, माझं मराठीवरच अडलं. आम्ही तीन पिढ्या इंदूरचे. घरात मराठीच बोलतो, शाळा हिंदी माध्यमाची. रेझ्युमेवर 'मराठी: मातृभाषा' लिहिलं. पुण्यात ग्राहकसेवेची नोकरी लागली, फोनवर काहीच अडचण नाही. मग एका ज्येष्ठ ग्राहकांच्या तक्रारीला लेखी उत्तर द्यायला सांगितलं. देवनागरी वाचता-लिहिता येते, म्हणून मी निर्धास्त होते. पहिल्या वाक्यात 'आपल्या तक्रारीची नोंद घेतली आहे' लिहायचं होतं, मी लिहिलं 'आपली शिकायत दर्ज केली आहे'. ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नका. वरिष्ठ बाई काही बोलल्या नाहीत, कागद परत लिहून दिला. मला फार लागलं ते. घरातलीच भाषा ना.

आता 'मराठी: घरची भाषा, बोलणं सहज, औपचारिक लेखन कमी' असं आहे. आई म्हणते, मातृभाषेपुढे 'कमी' लिहू नये. माझं मन अजून दोन्हीकडे जातं.

रानजाई

रेवाकाठ, तू लिहिलंस ते भाचीला वाचून दाखवलं. तिच्याही रेझ्युमेवर 'मराठी, हिंदी, इंग्रजी' एवढंच आहे.

चिरेबंदी

आडवळण, टक्के काढले. एसक्यूएलपुढे काय लिहायचं यावर अर्धा तास बसलो. शेवटी 'सिलेक्ट आणि जॉइन लिहितो, दुसऱ्याने लिहिलेली प्रोसिजर वाचून समजते' असं लिहिलं. आता मात्र एक वेगळाच पेच आहे. ज्या कन्सल्टन्सीमार्फत अर्ज केला, त्यांनी माझा रेझ्युमे स्वतःच्या नमुन्यात घालून पाठवला. मुलाखतीत समोरच्यांच्या हातातली प्रत पाहिली तर 'एसक्यूएल: एक्स्पर्ट'. मी तिथल्या तिथे सांगितलं की हे मी लिहिलेलं नाही आणि माझी प्रत पुढे केली. पुढे काही कळवलं नाही त्यांनी. कोणी अशा वेळी काय केलंय?

आडवळण

आमच्याकडे अशा प्रती नेहमी येतात. जो उमेदवार स्वतःची प्रत काढून देतो, त्याचीच मी पुढे धरतो. सगळे तसं करत असतील असं म्हणवत नाही. पाठवण्याआधी अंतिम प्रत मला ईमेलवर दाखवा, असं कन्सल्टन्सीला लेखी सांगून ठेवा, निदान तुमच्याकडे पुरावा राहील.