आईबाबांच्या फोटोमागे काळोख आहे, दिवे टाकावेत की नाही?

मोरपीस: आईबाबांच्या लग्नाला ४० वर्षं झाली म्हणून गच्चीवर छोटा कार्यक्रम केला. रात्री फ्लॅश मारून काढलेला कमरेपर्यंतचा फोटो आहे, दोघं छान हसतायत पण मागे नुसता काळोख. १२ बाय १८ ची फ्रेम करायचीय. मागे ते धूसर गोल गोल दिवे टाकले तर खोटं वाटेल का? भावाचं म्हणणं आहे हात लावू नको.

कोल्हापुरी_साज: अगं सोप्पंय, काळं बॅकग्राउंड म्हणजे निम्मं काम झालेलंच आहे. नेटवरून काळ्यावरचे बोके लाईट्स उतरवून घे, फोटोवर ठेव आणि Screen मोड लाव, काळं आपोआप जातं नि फक्त दिवे उरतात. दोन मिनिटांचं काम.

चिंचेचं_झाड: मी तुझ्या भावाच्या बाजूने. त्या रात्री गच्चीवर दिवे नव्हतेच ना? मग दहा वर्षांनी नातवंडं विचारतील केवढं लायटिंग केलं होतं, तेव्हा काय सांगणार? काळोखात दोनच चेहरे उजळलेत हे मला तरी सुंदर वाटतं, फार तर थोडं क्रॉप कर म्हणजे काळं कमी दिसेल.

शटरवाला: साज, Screen बरोबर आहे पण दोन मिनिटांत नाही होणार, कारण ते काळं फक्त मागचंच नाहीये. आईंचे केस, बाबांचा कोट, साडीच्या चुण्यांतली सावली हेही काळंच, दिवे त्यांच्यावरही उमटणार. म्हणून दिव्यांच्या लेयरला मास्क लावून माणसं झाकायची, आणि केसांच्या कडेला ब्रश मऊ ठेवायचा, नाहीतर कात्रीने कापून चिकटवल्यासारखं दिसतं. दुसरं म्हणजे उतरवलेल्या फोटोतलं काळं खरं काळं नसेल तर सगळा काळोख धुरकट होतो. दिव्यांचा लेयर बंद-चालू करून बघ, दोन दिव्यांमधला काळोख करडा होत असेल तर आधी त्या लेयरचं काळं लेव्हल्समध्ये खाली ओढ.

पण मोरपीस, त्याच्याही आधी एक कर. फोटोची एक कॉपी घेऊन ब्राइटनेस पार वर ने आणि अंधारात काय लपलंय ते बघ.

मोरपीस: केलं दादा! मागे कठडा दिसतोय, साधारण चार फुटांवर असेल, आणि बऱ्यापैकी शार्प आहे. उजवीकडे टाकीचा कोपरा.

शटरवाला: मग मोठाले गोल विसर. कठडा शार्प आणि त्याच्यावर लिंबाएवढे धूसर गोल हे कुठल्याच लेन्समधून येत नाही, म्हणून न कळूनही बघणाऱ्याला खटकतं. दिवे फक्त कठड्याच्या वर ठेव, लांबच्या बिल्डिंगांचे असावेत तसे, लहान, विरळ आणि मंद. टाकीवर एकही नको. शेवटी लेयरवर थोडा ग्रेन टाक, कारण रात्रीच्या फोटोत दाणे असतात नि उतरवलेले दिवे गुळगुळीत, मोठ्या प्रिंटमध्ये तेच उघडं पडतं. फ्रेमआधी ४ बाय ६ ची एक प्रिंट काढून बघ.

सोलापूरची_चटणी: दिव्यांचा विषय निघालाय म्हणून विचारते, लेकाच्या बारशाला आम्ही खऱ्याच एलईडीच्या माळा लावल्या होत्या तरी फोटोत निम्मे दिवे विझलेले!! माळ खराब होती का

शटरवाला: माळ चांगलीच असणार ताई. स्वस्तातल्या माळा सेकंदाला पन्नास किंवा शंभर वेळा विझतात-पेटतात, डोळ्याला कळत नाही पण शटर १/२५० वगैरे असेल तर विझलेल्या क्षणी पकडलं जातं. १/५० ला ठेवा. चेहऱ्यांवर फ्लॅश चालेल, त्याने माळेचा उजेड कमी होत नाही, तो शटर, अ‍ॅपर्चर नि आयएसओवर ठरतो. माणसं माळेपासून सात-आठ फूट पुढे उभी करा, माळेला टेकवून उभी केलीत तर गोल होतच नाहीत, बारीक ठिपकेच राहतात.

चिंचेचं_झाड: म्हणजे खरं करायचं तर असं. आणि शटरवाला, मागे दिवे असते तर आईंच्या खांद्यावर, केसांच्या कडेला थोडी पिवळी झाक आली असती की नाही? ती कुठून आणणार?

शटरवाला: माळ जवळ असती तर आली असती, हे मान्य. लांबचे दिवे म्हणून दाखवले तर झाक लागत नाही, म्हणून तर कमी नि मंद म्हणतोय. आणि मोरपीस, नेटवरचे नकोतच. त्याच कॅमेऱ्याने घरातली माळ अंधाऱ्या खोलीत दहा फुटांवर टांग, फोकस मॅन्युअल करून थोडा जवळ आण, ठिपक्यांचे हवे तेवढे लहान गोल झाले की थांब, आयएसओ शंभर-दोनशे. लेयर तुझाच, गोलांचा आकारही तुझ्याच लेन्सचा.

कोल्हापुरी_साज: हे भारीय, केसांच्या कडेचं मी कधी बघितलंच नव्हतं, माझ्या जुन्या एडिटमध्ये बहिणीच्या कपाळावर दिवा आहे आत्ता दिसला 😳

चिंचेचं_झाड: माझं मत तेच. टाकायचेच असतील तर मूळ फोटोचीही एक प्रिंट कर, मागे तारीख लिहून अल्बममध्ये ठेव.

मोरपीस: दिवाळीची माळ माळ्यावर आहे, आज रात्री काढते. दोन्ही ४ बाय ६ प्रिंट आईलाच दाखवणार, ती म्हणेल ती फ्रेममध्ये. भाऊ अजून नाहीच म्हणतोय.